भांडण तिने पाहिलं, मिटवणं कुठे पाहिलं?

*नमस्कार ताई,*

*पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. आदल्या रात्री तिच्या हातात एक पत्र द्यायचं मनात आहे. पण लिहायला बसले की 'समजून घे, जुळवून घे' यापुढे पेन सरकत नाही, आणि हे वाचून ती हसेल हेही मला माहीत आहे. आमचा २८ वर्षांचा संसार. ह्यांचं न कळवता उशिरा येणं आणि त्यावरून माझं चिडणं, हे एकच भांडण आम्ही इतकी वर्षं भांडतोय. पूर्वी मी दोन-दोन दिवस अबोला धरायचे. आता तासाभरात मिटतं. कसं जमायला लागलं ते मात्र सांगता येत नाही. मुलगी परवा म्हणाली, "आई, तुम्ही एवढं भांडता, तरी एकत्र कसे?" मला उत्तर सुचलं नाही. पत्रात काय लिहू, काय टाळू?*

*– एक आई*

---

प्रिय ताई,

विषय तुमच्या मुलीनेच देऊन ठेवला आहे. तिच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर लिहा. संसाराबद्दल बाकी जे काही सांगावंसं वाटतं, ते पुढच्या वर्षांत बोलता बोलता सांगून होईल. हे एक उत्तर मात्र तिला दुसरं कुणी देऊ शकणार नाही, कारण ते फक्त तुम्हा दोघांना ठाऊक आहे.

घरातलं भांडण मुलांच्या समोर होतं. दार उघडतं, आवाज चढतो, मुलं आपापल्या खोलीतून ऐकत असतात. मिटतं ते मात्र रात्री दिवा मालवल्यावर, किंवा सकाळी कामाच्या गडबडीत पुटपुटलेल्या अर्ध्या वाक्यात. ते ऐकायला मुलं तिथे नसतात. अशी मुलं मोठी होतात तेव्हा भांडण कसं सुरू होतं हे त्यांना पाठ असतं. मिटवायचं कसं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. समुपदेशनाला येणाऱ्या नव्या जोडप्यांमध्ये मला हे सतत दिसतं. पहिलं मोठं भांडण झालं की त्यांना वाटतं, आपलं काहीतरी मुळातच चुकलं. आपल्या आईवडिलांनी अशी भांडणं मिटवली होती, हे त्यांच्या गावीही नसतं.

ई. मार्क कमिंग्ज नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा बराच अभ्यास केला आहे. मुलांना मोठ्या माणसांची भांडणं दाखवायची, काहींचा शेवट समेटात, काही तशीच अर्धवट सोडलेली, आणि मुलांवर काय परिणाम होतो ते पाहायचं. ज्या भांडणांचा समेट झालेला दिसला, त्यांनी मुलं कितीतरी कमी अस्वस्थ झाली. समेट डोळ्यांनी दिसला नाही, पण तो झाल्याचं नंतर सांगितलं, तरीही फरक पडला. तुमच्या मुलीला तो उत्तरार्ध आत्ता सांगितला तरी उशीर झालेला नाही.

"जुळवून घे" हे का लिहू नये, तेही सांगते. त्या दोन शब्दांतून कुणी, कशाशी, किती जुळवायचं हे काहीच कळत नाही. मग मुलगी त्याचा अर्थ स्वतः लावते, आणि बहुतेक वेळा तो "गप्प बस" असा निघतो. तुम्ही काही गप्प बसलेला नाहीत. बोलण्याची रीत बदललीत. ती रीत लिहायची.

"कसं जमलं ते सांगता येत नाही" असं तुम्ही म्हणता, त्याचं मला नवल वाटत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताशी आलेली गोष्ट शब्दांत पकडायला अवघडच जाते. त्यासाठी एका संध्याकाळी ह्यांच्यासोबत बसा आणि अलीकडचं एखादं भांडण घ्या, अगदी मागच्या महिन्यातलं. कुणाचं बरोबर होतं त्यात शिरू नका. आधी कोण काय म्हणालं, मध्ये कुठे थांबलो, पुन्हा पहिलं वाक्य कुणी उच्चारलं आणि ते काय होतं, एवढंच आठवा. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: "माझा राग गेला हे तुम्हाला कशावरून कळतं?" त्यांचं उत्तर तुम्हाला बहुधा अनपेक्षित असेल. नवरा-बायकोला एकाच भांडणाच्या दोन वेगळ्या जागा आठवतात, आणि पत्रासाठी त्या दोन्ही हव्यात.

आठवताना कुठे लक्ष द्यायचं, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

पहिली जागा म्हणजे सुरुवात. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडप्याला आपल्यातल्या एका मतभेदावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्यातली फक्त पहिली तीन मिनिटं पाहूनही, पुढच्या सहा वर्षांत कोणती जोडपी विभक्त होण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधता आला. भांडण ज्या सुरात सुरू होतं, बहुतेक वेळा त्याच सुरात संपतं. तुमच्याच घरातलं उदाहरण घेऊ. दार उघडताच "तुम्हाला माझी किंमतच नाही" असं म्हटलं, की समोरचा माणूस उशिराबद्दल बोलूच शकत नाही. आपण वाईट माणूस नाही हे सिद्ध करण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. "नऊपासून घड्याळ बघतेय, फोन आला नाही की माझ्या मनात नको नको ते येतं" असं म्हटलं, तर राग तेवढाच पोचतो, पण त्याला उत्तर देता येतं. अबोल्याच्या काळात तुमची सुरुवात कशी असायची आणि आता कशी असते, हे शेजारी शेजारी लिहून पाहा. फरक दिसेल.

दुसरी जागा मधली. मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच, आणि पत्रातही तिलाच जास्त जागा द्या. भांडण तापलं की छाती धडधडते, कान गरम होतात, आणि समोरच्याचं बोलणं नुसतं आवाज म्हणून ऐकू येतं. या अवस्थेत समजुतीची गोष्ट निघत नाही, कितीही शहाणी माणसं असोत. शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटंही मनात पुढचं वाक्य परजण्यात घालवली तर काही उपयोग नाही. चालायला जावं, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, काहीही करावं पण तो खटला मनात चालवू नये.

इथे कुणीही विचारेल की मग अबोला काय वाईट, तोही थांबणंच की. फरक परतीच्या वेळेचा आहे. "आत्ता मला बोलता येणार नाही, जेवल्यावर बोलू" हे थांबणं. काहीच न सांगता पाठ फिरवणं म्हणजे अबोला, आणि त्यात समोरच्याला हे किती वेळ चालेल, आपण काय केलं म्हणजे संपेल, याचा पत्ताच नसतो. त्याची शिक्षा नेमकी तीच असते. माझ्याकडे एक जोडपं यायचं. भांडण चढलं की नवरा उठून गच्चीत जाई. त्याच्या मते तो तोंडून वाईट शब्द जाऊ नये म्हणून जात होता. तिच्या मते तो तिला टाकून जात होता. म्हणून ती मागोमाग जायची, तो आणखी दूर सरायचा, तिचा आवाज आणखी चढायचा. दोघांचे स्वभाव बदलायची गरज नव्हती. त्याने जाताना एक वाक्य म्हणायचं ठरवलं: "अर्ध्या तासाने खाली येतो." आणि अर्ध्या तासाने तो खरोखर खाली यायचा. पहिल्या काही वेळा तिने घड्याळ लावून पाहिलं. नंतर तिने मागे जाणं आपसूक सोडलं. यातली अट मात्र कडक आहे: थांबायला ज्याने सांगितलं, परत येऊन विषय त्यानेच काढायचा. ते एकदा चुकवलं तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी जागा परत येण्याची. परतीचं वाक्य क्वचितच सुंदर असतं. "चहा घेणार का?" हेसुद्धा अनेक घरांत माफीचंच वाक्य असतं. समोरचा ते घेतो की झिडकारतो, यावर पुढचं ठरतं. "आता चहा विचारताय, तेव्हा कुठे होतात?" असं म्हटलं की परतीची वाट बंद. नुसत्या चहाने विषय मिटतो असंही नाही. चहानंतर मूळ गोष्टीवर दोन वाक्यं तरी व्हायला हवीत, नाहीतर ती तशीच दाबली जाते आणि पुढच्या भांडणात व्याजासकट बाहेर येते. तुमच्या घरचं परतीचं वाक्य कोणतं, ते शोधून काढा. मुलीने ते शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याचा अर्थ तिला कधी कळला नसेल.

आणि एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती पत्रात आवर्जून सांगा: भांडण तेच आहे. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच पूर्ण सुटत नाहीत, कारण ते स्वभावातून आणि गरजांतून आलेले असतात. म्हणजे तुमचं हे एक भांडण इतकी वर्षं टिकलं, हे सुखी संसारातही घडतं. ते अजून वेळेचे कच्चे आहेत आणि तुम्ही अजून काळजी करणाऱ्या आहात. मिटलं ते त्या त्या दिवसाचं भांडण. मतभेद घरातच राहिला, त्याच्याशी वागायची पद्धत बदलली. ज्या मुलीला हे आधीच माहीत असेल, ती तिसऱ्यांदा तोच वाद झाला म्हणून हातपाय गाळणार नाही.

आता पत्र कसं दिसेल, त्याचा मधला भाग लिहून दाखवते. तपशील मी कल्पनेने भरले आहेत, त्या जागी तुमचे खरे घाला.

*"तू विचारलंस, एवढं भांडूनही आम्ही एकत्र कसे. तू आमची भांडणं ऐकलीस, पण त्यानंतरचं तुला कधी दिसलं नाही, ते सांगते.*

*बाबा उशिरा आले की मी आधी त्यांच्यावर तुटून पडायचे. ते म्हणायचे, 'झाला थोडा उशीर, त्यात एवढं काय?' आणि मग मी बोलणंच बंद करायचे. दोन दिवस घरात फक्त तुझ्यामार्फत निरोप जायचे, आठवतं का? मला वाटायचं, माझ्या गप्प बसण्याने त्यांना माझं दुःख कळेल. त्यांना एवढंच कळायचं की आता घरी लवकर जाण्यातही अर्थ नाही.*

*एकदा असाच अबोला चालू असताना ते म्हणाले, 'मला शिक्षा कर, पण किती दिवसांची ते तरी सांग.' मला हसू आलं नाही, रागच आला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढच्या वेळी मी त्यांना म्हटलं, 'आत्ता मी बोलले तर वाईट बोलेन. झोपण्याआधी बोलू.' आणि झोपण्याआधी मीच विषय काढला. त्या रात्री मी पहिल्यांदा त्यांना सांगितलं की उशीर झाला की मला राग नंतर येतो, आधी भीती वाटते. इतक्या वर्षांत त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी हिशेब मागते. त्यांनीही सांगितलं की काम सोडून फोन करणं म्हणजे घरी परवानगी मागण्यासारखं त्यांना वाटायचं.*

*तेव्हापासून ठरलं की उशीर होणार असेल तर एक ओळीचा निरोप, कारण न देता. मी 'का' विचारायचं नाही. ते अजूनही कधी कधी विसरतात, मी अजूनही कधी कधी दारातच सुरू होते. मग ते हातपाय धुऊन येतात, माझ्या शेजारी बसतात आणि म्हणतात, 'बोल.' हा त्यांचा माफी मागायचा प्रकार आहे. मला तो ओळखायला खूप वर्षं लागली.*

*तुमचं भांडण आमच्यासारखं नसेल. पण तुमच्यातही एखादं भांडण असं निघेल जे पुन्हा पुन्हा येईल. ते आलं की घाबरू नकोस. थांबायचं असेल तर थांब, पण परत केव्हा बोलणार ते सांगून थांब. आणि तो परत आला, तर त्याचं पहिलं वाक्य कितीही वेडंवाकडं असलं तरी ते घे."*

एवढं पुरे. यात कुठे "बायकोने असं वागावं" आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोघांनी काय केलं ते आलं आहे. होणारे जावई हे वाचतील असं धरूनच लिहा. पुढेमागे मुलगी त्यांना दाखवेलच, आणि दाखवावंही.

आता टाळायच्या गोष्टी. ज्या मजकुरात ह्यांचा स्वभाव किंवा त्यांनी खासगीत सांगितलेलं काही येतं, तो द्यायच्या आधी त्यांना वाचायला द्या. मुलीच्या नजरेत वडील कसे दिसावेत, यावर त्यांचाही हक्क आहे. जावयाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको, चांगला किंवा वाईट. तुम्ही त्याला पाहुणा म्हणून ओळखता, ती त्याला वेगळ्या रूपात ओळखणार आहे. आणि तुमच्या मनात ह्यांच्याबद्दल जे अजून निवलेलं नाही, ते या पत्रात आणू नका. तशी एखादी गोष्ट असेलच, प्रत्येकीची असते. पण लग्नाच्या आदल्या रात्री मुलीला त्यात पंच म्हणून बसवणं तिच्यावर अन्याय होईल.

एक परिच्छेद मात्र वेगळा, स्वच्छ आणि नि:संदिग्ध लिहाच. वर सांगितलेलं सगळं अशा घरासाठी आहे जिथे दोघांनाही न घाबरता बोलता येतं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून शब्द तोलणं वेगळं, आणि तो काय करेल या भीतीने शब्द तोलणं वेगळं. हात उगारला, वस्तू फेकल्या, तिचे पैसे ताब्यात घेतले, फोन तपासला, मैत्रिणींना किंवा आईवडिलांना भेटण्यावर बंधनं आणली, तर तिथे सौम्य सुरुवात, वीस मिनिटं थांबणं, परतीचं वाक्य घेणं यातलं काही लागू होत नाही. अशा घरात दर मारहाणीनंतरची माफी "परतीचं वाक्य" म्हणून स्वीकारत राहणं धोक्याचं आहे. हे तिला तुमच्या शब्दांत सांगा: "तुला भीती वाटली, तर पुरावा जमवत बसू नकोस, कारण शोधू नकोस. फोन कर किंवा सरळ ये. मी आधी दार उघडेन, प्रश्न नंतर विचारेन." समेटाबद्दल एवढं लिहिल्यावर हे लिहिलं नाही, तर मुलगी समेटाचाच अर्थ वाटेल तितका ताणेल. अनेक मुली वर्षानुवर्षं आईला काही सांगत नाहीत, कारण आईने सांगितलेलं "मिटवायचं असतं" त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

लांबी दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी लिहून ठेवा आणि एक दिवस जाऊ द्या. मग वाचताना जिथे तुम्हाला स्वतःचंच कौतुक वाटेल, ती वाक्यं काढून टाका. आदल्या रात्री द्यायचं ठरवलं आहे तर हातात द्या, पण तेव्हाच वाच असं म्हणू नका. त्या रात्री तिला झोपेची गरज जास्त आहे आणि डोकंही भरलेलं असेल. "यात तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिलं भांडण झालं की वाच" असं सांगून द्या. लग्नाआधीच वाचलं तरी बिघडत नाही, पण पहिल्या भांडणानंतर त्यातलं प्रत्येक वाक्य तिला वेगळं लागेल. वाचलंस का, असं नंतर विचारू नका. ती स्वतः फोन करून काही विचारेल तेव्हा तिच्या घरी काय झालं ते उकरून काढू नका, जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. आणि "तू अबोला धरायचीस तेव्हा बाबांना काय वाटायचं?" असं तिने विचारलं, तर फोन ह्यांच्याकडे द्या.